कवळीची झीज आणि ओठांचे कोपरे

जांभई द्यायला घाबरणारा माणूस आमच्या घरात आहे हे मला २०२४च्या मार्चमध्ये आरशात बघून कळलं. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत चिरा पडल्या होत्या. तोंड जरा मोठं उघडलं की चीर फाटायची, रक्ताचा बारीक थेंब यायचा, आणि आमटीचा रस्सा लागला की डोळ्यांत पाणी. सकाळी उठलो की कोपरे पिवळट खपलीने चिकटलेले असायचे. ती सोडवायला गेलं की पुन्हा पहिल्यापासून सगळं. नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही हसत का नाही?" तिला काय सांगणार, हसलो की फाटतो म्हणून?

मी अडुसष्ट वर्षांचा. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली, आता सावरकरनगरला घरी. वरखाली पूर्ण कवळी आहे, २००९ साली बसवलेली. साखर बारा वर्षांपासून, त्यासाठी मेटफॉर्मिन सकाळ-संध्याकाळ. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे यातली एकेक गोष्ट त्या चिरांपाशी येऊन उभी राहिली. तेव्हा मात्र माझ्या डोक्यात यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

हिचं निदान तयार होतं. "उष्णता झालीय, अहो. बी-कॉम्प्लेक्स घ्या, नि रात्री तूप लावा." तुपाने रात्र बरी जायची. बी-कॉम्प्लेक्सने पंधरा दिवसांत एकच फरक पडला, लघवी पिवळीजर्द झाली. (ते बी२ मुळे होतं, जास्तीचं शरीराबाहेर जातं. औषध लागू पडल्याची ती खूण नव्हे. मी मात्र बरेच दिवस तसंच समजत होतो.)

मग औषधाच्या दुकानात जाऊन बोट दाखवलं. काउंटरवरच्या मुलाने न बघताच एक ट्यूब काढून दिली. तीन दिवसांत लाली गेली, आग थांबली, चीर जवळजवळ बुजली. मी खूश. आठव्या दिवशी ट्यूब संपली आणि दहाव्या दिवशी कोपरे आधीपेक्षा वाईट. दुसरी ट्यूब आणली, पुन्हा तोच खेळ. तिसऱ्या वेळी चष्मा लावून खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली. बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध, आणि त्यांच्या जोडीला क्लोबेटासॉल. हे क्लोबेटासॉल म्हणजे अगदी कडक स्टेरॉइड. ते सूज आणि लाली दाबून टाकतं, म्हणून बरं वाटतं. पण त्याच वेळी तिथली त्वचा पातळ होते आणि बुरशीला अडवणारी जागेवरची राखणही ढिली पडते. बंद केलं की सगळं उसळून वर येतं. चेहऱ्यावर, तेही ओठाशेजारी, ते कुणी न विचारता लावायचंच नसतं, हे मला जूनमध्ये त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं.

त्या डॉक्टर नौपाड्यात बसतात, वयाने माझ्या मुलीएवढ्या. आधी काही न बोलता त्यांनी हातमोजा घातला आणि चिरेच्या कडा अंगठा आणि बोटात धरून चाचपल्या. मग गालाच्या आतून, अगदी ओठाच्या कोपऱ्यामागे, बॅटरी मारून पाहिलं. "तंबाखू?" मी म्हटलं, कारखान्यात असताना मळायचो, २००५ला सोडली. त्यांचं म्हणणं असं की दोन्ही बाजूंना, मऊ कडांची, कमी-जास्त होत राहणारी चीर बहुतेक वेळा साधी असते. पण चीर एकाच बाजूला असेल, कड हाताला टणक लागत असेल आणि तीन आठवड्यांत हलत नसेल, किंवा कोपऱ्यामागे आतल्या बाजूला गॉजने पुसून न निघणारा पांढरा चट्टा असेल, तर त्या मलमाच्या भानगडीत पडत नाहीत, तुकडा काढून तपासायला पाठवतात. माझ्याकडे तसं काही नव्हतं. ओठावर येतात ते तापाचे फोडही नव्हते. त्यात आधी मुंग्या येतात, मग पाण्याचे बारीक फोड गुच्छाने उठतात आणि आठ-दहा दिवसांत आपसूक जातात.

मग त्यांनी चिरेतून बोथट पात्याने थोडा कोंडा खरवडून काचेवर घेतला, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि मला बाहेर बसवलं. वीस मिनिटांनी हाक मारली. "काका, तुम्ही टूलरूमवाले, या, बघा." सूक्ष्मदर्शक यंत्राला डोळा लावणं मला नवं नव्हतं, पण तिथे जे दिसलं ते नवं होतं. त्या रसायनाने त्वचेच्या पेशी विरघळून धूसर झाल्या होत्या आणि बुरशी तेवढी राहिली होती. मोहरीसारखे गोल मणी, काहींना कोंब फुटलेले, आणि मधून मधून बांबूच्या पेरांसारख्या जोडलेल्या लांब दोऱ्या. याला कॅन्डिडा म्हणतात. ही कितीतरी निरोगी माणसांच्या तोंडात गुपचूप राहते आणि काही करत नाही. नुसते मणी दिसले तर पाहुणा, दोऱ्या दिसल्या तर त्याने घर बांधायला घेतलंय, असं डॉक्टर म्हणाल्या. माझ्याकडे दोऱ्या भरपूर होत्या. पिवळी खपली म्हणजे जिवाणूही येऊन बसलेत.

औषध साधंच दिलं. जिवाणूंसाठी एक मलम सात दिवस, आणि बुरशीसाठी क्लोट्रिमाझोलचं एक टक्क्याचं क्रीम दिवसातून दोनदा, तेही चीर दिसेनाशी झाल्यावर आणखी एक आठवडा. मायकोनाझोलही चाललं असतं, पण त्याआधी "रक्त पातळ ठेवणारं वॉरफॅरिन घेता का?" हे त्यांनी दोनदा विचारलं. मायकोनाझोलची तोंडात लावायची जेल थोडी थोडी पोटात जाते आणि वॉरफॅरिनचा जोर धोकादायक वाढवते. मी ते घेत नाही, माझी फक्त ॲस्पिरिन.

लावायचं कसं ते मात्र त्यांनी करून दाखवलं, आणि माझ्या मते अर्धं औषध त्यातच आहे. मी इतके दिवस वरवर फासत होतो. कोपऱ्याची घडी दोन बोटांनी ताणून उघडायची, गॉजने टिपून कोरडी करायची, घासायची नाही. मग मुगाच्या दाण्याहून कमी क्रीम घडीच्या तळाशी लावायचं. पंधरा-वीस मिनिटं थांबून वरून व्हॅसलिनचा थर, म्हणजे लाळ थेट कातडीला लागत नाही. "आणि जीभ फिरवायची नाही," त्या म्हणाल्या. मी तेव्हासुद्धा जीभ फिरवतच होतो. ओठ कोरडा वाटला की आपण चाटतो, लाळ वाळताना त्वचेचाही ओलावा घेऊन जाते, मग तो आणखी कोरडा वाटतो.

निघता निघता त्यांनी माझी जीभ पाहिली आणि थबकल्या. मी आरशात कधी नीट पाहिलीच नव्हती. जिभेवर जी बारीक खरखरीत लव असते ती जवळजवळ नव्हती, जीभ घोटलेल्या फरशीसारखी गुळगुळीत आणि लाल. तोंडाच्या आतलं अस्तर शरीराला सारखं नव्याने घालावं लागतं, त्यामुळे लोह, बी१२, फोलेट असला कच्चा माल कमी पडला की तुटवडा तिथे लवकर दिसतो. अस्तर पातळ होतं, चिरलं तर भरून यायला वेळ लावतं, आणि लोह कमी असलं की बुरशीशी लढणाऱ्या पेशीही सुस्तावतात. रक्त तपासायला सांगितलं.

रिपोर्ट घेऊन मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. हिमोग्लोबिन १०.८, पुरुषाला निदान १३ हवं. पण लाल पेशींचा सरासरी आकार ८७, अगदी बरोबर मध्ये. मी म्हटलं, आकार तर ठीक आहे. त्यांनी पुढच्या ओळीवर पेन ठेवलं. पेशींच्या आकारातली तफावत १९ होती, साधारण साडेचौदाच्या आत असायला हवी. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे म्हणजे बॅचमधले निम्मे बोल्ट अंडरसाइज, निम्मे ओव्हरसाइज, आणि सरासरी काढली तर ड्रॉइंगप्रमाणे! लोह कमी पडलं की पेशी लहान होतात, बी१२ कमी पडलं की मोठ्या. माझ्याकडे दोन्ही कमी होतं, म्हणून सरासरी शहाण्यासारखी दिसत होती. पुढच्या तपासण्यांत फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ९ निघालं आणि बी१२ १४२. प्रयोगशाळेची खालची मर्यादा २०० च्या आसपास होती. तीन महिन्यांची साखर ८.१. साखर चढलेली असली की लाळेतही ती जास्त उतरते, म्हणजे बुरशीची आयती सोय.

बी१२ कमी असण्याला मेटफॉर्मिनचा हातभार होता. वर्षानुवर्षं घेतलं की आतड्यातून बी१२ कमी शोषलं जातं. त्यातून आम्ही घरात मांस-मासे खात नाही. बी-कॉम्प्लेक्सच्या कॅप्सूलमध्ये लोह नव्हतंच, आणि बी१२ होतं ते इतकी मोठी तूट भरायला फारच थोडं. लोहाचं मात्र डॉक्टरांनी नुसतं गोळी लिहून भागवलं नाही. साठीपुढच्या पुरुषाचं लोह घटलं तर ते कुठेतरी गळतंय असं आधी धरायचं, आतड्याचा कॅन्सर नाही ना हे बघायचं, मग बाकीचं. वरून आणि खालून दोन्हीकडून दुर्बीण झाली. आतडं साफ निघालं. पोटात बारीक ओरखडे होते, गुडघ्यासाठी मी मनानेच घेत असलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि वर ॲस्पिरिन यांची कमाई. वेदनाशामक बंद झाली. बी१२ची इंजेक्शनं आठवड्यातून तीन अशी दोन आठवडे, मग गोळी. लोहाची गोळी एक दिवसाआड, उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर, आणि चहा तिच्यापासून दोन तास लांब. रोज घेतली तर पुढच्या दिवशीचं शोषण उलट कमी होतं म्हणून एक दिवसाआड. दोन दिवसांत शौचाला काळं झालं तेव्हा हिने धसका घेतला, पण ते गोळीमुळेच होतं.

तीन आठवड्यांत कोपरे भरले. मी रस्सा ओरपून मिसळ खाल्ली. क्रीम आणखी एक आठवडा लावलं, सांगितल्याप्रमाणे. आणि बंद केल्यावर बाराव्या दिवशी डावा कोपरा पुन्हा ओलसर, पांढुरका, फाटलेला.

आता माझी चूक सांगतो. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं होतं, "तोंडात काही बसवलंय का?" बाहेर चार माणसं होती, दार अर्धं उघडं होतं. मी मान हलवून "नाही" म्हटलं. पंधरा वर्षांत कवळी काढलेलं तोंड मी हिच्याशिवाय कुणाला दाखवलेलं नव्हतं, रात्रीसुद्धा घालूनच झोपायचो. दुसऱ्या भेटीत डॉक्टर म्हणाल्या, "काका, नेमका डावाच का उलटतोय? कुठल्या कुशीवर झोपता?" डाव्या. उशीचा अभ्रा रोज सकाळी त्या बाजूला ओला असतो हेही मग बोललो. त्यांनी माझ्या वरच्या दातांकडे निरखून पाहिलं, आणि मला ती प्लेट काढावी लागली.

वरची कवळी निघाली तशी टाळू दिसली. लालभडक. पण लाली कुठेही पसरलेली नव्हती, जिथे कवळीची कड संपते तिथेच ती थांबत होती, पट्टी लावून रेघ मारल्यासारखी. दुखत नव्हतं, म्हणून कळलंही नव्हतं. कवळीचं गुलाबी ॲक्रिलिक वरून गुळगुळीत वाटतं, पण त्याला बारीक बारीक छिद्रं असतात, आणि मी ते टूथपेस्टने घासून त्यावर आणखी चरे पाडले होते. बुरशीचं मूळ बिऱ्हाड तिथे होतं. मी कोपऱ्यावर क्रीम लावून ओसरी झाडत होतो आणि माजघरातून लाळेबरोबर पुन्हा सगळं बाहेर येत होतं.

उपाय बदलला. रात्री कवळी बाहेर. दिवसातून दोनदा ती काढून मऊ ब्रशने साध्या साबणाने घासायची, टूथपेस्ट नाही, कढत पाणी नाही, त्याने ॲक्रिलिक वाकतं. मग पंधरा मिनिटं क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकात, आणि रात्रभर स्वच्छ पाण्यात. टाळूवर आणि कवळीच्या आतल्या बाजूला क्लोट्रिमाझोलचं माउथ पेंट. एक अडचण मात्र यातून निर्माण झाली. कवळी नसली की गाल आत जातात, हनुवटी नाकाकडे सरकते आणि कोपऱ्याची घडी आणखी खोल होते. म्हणजे रात्री टाळूला आराम आणि कोपऱ्याची आंघोळ. म्हणून झोपताना कोपऱ्यांवर झिंक ऑक्साइडचं पांढरं मलम जाडसर थापायचं. नात मला विदूषक म्हणायला लागली.

लाळ वाहते ती जास्त सुटते म्हणून नव्हे, ती घडीतून बाहेर ओघळते म्हणून, हे मला नेरुळला कळलं. तिथल्या दंत महाविद्यालयात कवळ्यांचा विभाग आहे, खर्चही झेपणारा. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडायची, ऐरोली, रबाळे, घणसोली करत नेरुळ. ऑगस्ट ते डिसेंबर मी ती वारी केली.

तिथल्या शिकाऊ डॉक्टर मुलीने माझ्या नाकाच्या शेंड्यावर आणि हनुवटीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून पेनाने एकेक ठिपका काढला आणि कॅलिपर हातात घेतला. माझे कान टवकारले. "काका, ओठ मिटून 'म्म' म्हणा आणि जबडा सैल सोडा." ठिपक्यांमधलं अंतर ६९ मिलिमीटर. "आता दात चावा." ५९. दोहोंत दहाचा फरक, आणि हवा दोन ते चारचा. म्हणजे दात मिटल्यावर माझा चेहरा हवा त्यापेक्षा सहा-सात मिलिमीटर जास्त मिटत होता. पंधरा वर्षांत ॲक्रिलिकचे दात झिजून सपाट झाले होते, आणि त्याखालचं हाडही खचलं होतं, खालच्या जबड्याचं वरच्यापेक्षा बरंच जास्त. जन्मभर मी मायक्रोमीटर घेऊन दुसऱ्यांच्या पार्ट्सची झीज मोजली, आणि स्वतःच्या तोंडातली सहा मिलिमीटर झीज मला दिसली नाही! तोंड असं जास्त मिटलं की ओठांचे कोपरे खाली वळतात, त्यांना पन्हाळीसारखी घडी पडते आणि तोंडातली साधीच लाळ केशाकर्षणाने त्या पन्हाळीत येऊन थांबते. ओठाबाहेरची कातडी सतत ओली राहण्यासाठी नसतेच. कपडे धुतल्यावर बोटं पांढरी, भुरभुरीत होतात, तसंच तिचं होतं, आणि मग जरा ताण पडला की चीर.

आणि कवळी अशी झिजली की माणूस खातो काय? चहात बुडवलेली खारी, मऊ भात, वरण, केळं. भाकरी, उसळ, मोड आलेली कडधान्यं मी चार-पाच वर्षं टाळत होतो, आणि मला वाटायचं की वयामुळे आवड बदलली. लोह गळत होतं ते वेगळं, पण येणंही असं आटलं होतं, आणि जे थोडं यायचं त्यातलं बरंचसं सोबतचा चहा अडवायचा.

नवी कवळी लगेच केली नाही. टाळू गुलाबी होईपर्यंत थांबायचं, सुजलेल्या जागेचं माप घेतलं तर सूज उतरल्यावर कवळी सैल पडते. शिवाय सात मिलिमीटर एकदम उचललं तर जबड्याचे स्नायू बंड करतात. त्यांच्या सरांनी जुन्याच कवळीच्या खालच्या दातांवर ॲक्रिलिकचा थर चढवून आधी तीन मिलिमीटर उंची दिली आणि सहा आठवडे वापरून बघा म्हणाले. पहिले चार दिवस कानापाशी जबडा दुखला, मग विसरलो. उशी कोरडी राहायला लागली ती या सहा आठवड्यांत.

मग माप, मेणाचे कठडे, मेणात बसवलेल्या दातांची ट्रायल. ट्रायलला मला आकडे म्हणायला लावले. "साठ, एकसष्ट, बासष्ट..." 'स' म्हणताना वरखालचे दात एकमेकांच्या सगळ्यात जवळ येतात पण टेकत नाहीत. टेकून खट वाजलं तर उंची जास्त झाली. सहासष्टला खट वाजलं. मागच्या दातांची अर्धा मिलिमीटर उंची उतरवून पुन्हा म्हणायला लावलं, तेव्हा सहासष्ट बिनआवाजी गेला. दात चावून अंतर आता साडेपासष्ट.

जानेवारीत रक्त पुन्हा तपासलं. हिमोग्लोबिन १२.९, बी१२ ४३०, फेरिटिन ३४. लोह आणखी तीन महिने चालू, कारण हिमोग्लोबिन आधी भरतं आणि साठा मागून. जिभेवर लव परत आली आहे, चहा कढत असला की आता कळतं. मेटफॉर्मिन चालूच आहे, म्हणून बी१२ दर वर्षी बघायचं ठरलं आहे.

डाव्या कोपऱ्यात पेन्सिलने ओढल्यासारखी एक फिकट रेघ उरली आहे. मध्यंतरी लग्नाला कोल्हापूरला गेलो, दोन रात्री पाहुण्यांच्या खोलीत लाजेपोटी कवळी घालूनच झोपलो, तर तिसऱ्या दिवशी ती रेघ लाल झाली. आता प्रवासाच्या बॅगेत झाकणाचा डबा असतो.